विश्लेषण : वाघ येतो, पण डरकाळी फोडत नाही... अचानक आवाजाने बिथरणाऱ्या मुलांसाठी नाटकाची संहिता कशी बदलतात?

नाटकात विजेचा कडकडाट झाला की बहुतेक मुले दचकतात, शेजारच्याकडे बघून हसतात आणि पुन्हा रंगमंचाकडे वळतात. काही मुलांना मात्र हे जमत नाही. ती कानांवर हात ठेवतात, रडतात, खुर्चीखाली शिरतात. कडकडाट थांबला तरी त्यांचे नाटक पुन्हा सुरू होत नाही, कारण आता ती पुढच्या कडकडाटाची वाट पाहत असतात. पालक त्यांना बाहेर नेतात आणि बऱ्याचदा पुढच्या वेळी आणतच नाहीत. स्वमग्न मुलांमध्ये हे अधिक दिसते, पण त्यांच्यापुरतेच मर्यादित नाही. अशा प्रेक्षकांसाठी नाटक करायचे तर ‘साउंड जरा कमी ठेवा’ एवढ्याने भागत नाही. संहिताच नव्याने लिहावी लागते. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेला स्नेहसंमेलनात हे करायचे असेल तर नेमके काय करावे लागेल?

आवाज कमी केला तर पुरत का नाही?

कारण त्रास आवाजाच्या मोठेपणाएवढाच त्याच्या अचानकपणाचा असतो. अनपेक्षित मोठा आवाज कानात शिरला की मेंदूच्या खालच्या भागातून, विचार सुरू होण्याआधीच, स्नायूंना संदेश जातो. साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात, पाठोपाठ मान आणि खांदे आखडतात. ही सर्वांच्याच शरीरातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. फरक पडतो तो पुढे. बहुतेकांचे शरीर दोन-चार सेकंदांत सावरते, काहींचे सावरायला बराच वेळ घेते.

ही क्रिया चेतवायला आवाज किती चढला यासोबत किती वेळात चढला हेही महत्त्वाचे असते. जालनेकरांना हे पटवून द्यायला प्रयोगशाळा लागणार नाही. धुळवडीला निघणाऱ्या हत्ती रिसाल्याचे ढोल-ताशेही कानठळ्या बसवू शकतात, पण ते दुरून ऐकू येऊ लागतात, गल्लीगल्लीने जवळ येतात आणि अंगणात पोहोचेपर्यंत शरीराला त्यांची कल्पना आलेली असते. सुतळी बॉम्ब शांततेतून थेट शिखरावर जातो. ज्या मुलाला मिरवणूक चालते पण फटाका चालत नाही, त्याच्या घरच्यांना हा फरक पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. (प्रचंड आवाज कानाला अपायकारक असतोच, तो वेगळा विषय.)

त्यामुळे पडदा उघडल्यावर ध्वनिसंयोजकाने बटण अर्ध्यावर आणले तरी कडकडाट अचानकच राहतो. उलट एक नवी अडचण येते. डरकाळी हळू झाली की संवादही हळू होतात, मागच्या रांगेतल्यांना कळेनासे होते आणि नट ओरडून बोलू लागतात. म्हणजे धक्का गेला नाही, गोष्ट तेवढी गेली.

असे प्रयोग कुठे होतात?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ रोजी ‘द लायन किंग’चा स्वमग्न प्रेक्षकांसाठीचा प्रयोग झाला. ब्रॉडवेवरचा असा तो पहिलाच. काही मोठे आवाज खाली आणले गेले, लखलखणारे दिवे बंद ठेवले गेले, मदतीला स्वयंसेवक होते आणि मध्येच उठून जायची मुभा होती. ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात आणि आता अनेक नाट्यगृहांच्या वेळापत्रकात ते असतात. मात्र तिथे बहुधा मूळ नाटक तेच ठेवून कडा बोथट केल्या जातात. लंडनच्या ऑइली कार्ट या १९८१ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने दुसरी वाट धरली. नाटक पहिल्या ओळीपासूनच अशा मुलांना समोर ठेवून रचायचे. शाळेला ही दुसरी वाट जास्त सोयीची आहे, कारण तिची संहिता वीस-पंचवीस मिनिटांची असते आणि लिहिणारे शिक्षक तिथेच असतात.

महाराष्ट्रात दिव्यांग मुलांचे नाटक नवे नाही. कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ने मुंबईत या क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे आणि राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही घेते. पण हा विचार मुख्यतः रंगमंचावरच्या मुलांचा आहे. समोर बसलेल्या मुलांचा विचार मागे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि त्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाबद्दल आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती श्रवण आणि दृष्टी दिव्यांगांपुरती. ऐकू कमी येणाऱ्यांची सोय कागदावर आली. ज्यांना आवाज सोसत नाही त्यांची त्यात नाही.

संहितेतला धक्का शोधायचा कसा?

पहिले काम लिहायचे नाही, खुणा करायचे आहे. संहिता घेऊन प्रत्येक आवाजाखाली रेघ मारायची. कंसातला कडकडाट, डरकाळी, ढोल हे तर आलेच, पण ‘धावत येतो’, ‘दार आपटतो’, ‘सगळे एकदम हसतात’ यांखालीही. मग प्रत्येक रेघेपुढे एकच प्रश्न लिहायचा : हा आवाज काय सांगतो?

उत्तरे बहुधा चारांपैकी एक निघतात. आवाज बातमी देतो (पाऊस आला), पात्राची ओळख देतो (वाघ आला), प्रसंग बदलतो (रात्र झाली), किंवा नुसताच दचकवतो. शेवटच्या गटातले आवाज सरळ काढता येतात, कारण त्यांना दुसरे कामच नसते. बाकीचे काढले तर गोष्टीला भोक पडते. ती माहिती आवाजातून उचलून दुसऱ्या कशात तरी ठेवावी लागते. कापडात, चित्रात, हालचालीत किंवा वाक्यात. शाळांच्या नाटकांत हा शेवटचा गट बराच मोठा असतो, कारण मोबाइलवर साउंड इफेक्ट फुकट मिळतात.

प्रत्यक्ष प्रसंग : म्हातारी, वाघ आणि भोपळा

उदाहरणादाखल घरोघरी सांगितली जाणारी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेऊ. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत प्राणी तिला खायला अडवतात, ती ‘जाड होऊन येते’ असे सांगून निसटते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. शाळेच्या संहितेत वाघाचा प्रवेश साधारण असा असतो :

(अंधार. विजेचा कडकडाट. झाडामागून वाघ झेप घेतो. डरकाळी.)
वाघ : ए म्हातारे! थांब! मी तुला खाणार!
(म्हातारी किंचाळते. काठी पडते.)

तीन ओळींत पाच धक्के आहेत : अंधार, कडकडाट, झेप, डरकाळी, किंकाळी. पडणारी काठी सहावा, आणि लाकडी रंगमंचावर ती चांगलीच वाजते. यातला कडकडाट गोष्टीत कुठलेच काम करत नाही, पाऊस पुढे कुठेही नाही. तो गेला. अंधारही गेला. उरलेल्यांना एकच सांगायचे आहे : वाघ आला आणि म्हातारी संकटात आहे. नव्याने लिहिलेला प्रवेश असा होऊ शकतो :

(उजेड आहे तसाच. सूत्रधार फळ्यावर वाघाचे चित्र लावतो.)
सूत्रधार : आता वाघोबा येणार. आधी शेपूट दिसेल. मग पंजा. मग वाघोबा.
(घुंगरू हळू, तीनदा. झाडामागून शेपूट. तीन श्वास थांबा. पंजा. तीन श्वास थांबा. वाघ चालत येतो आणि वाटेत बसतो.)
वाघ : (साध्या आवाजात) आजी, थांब. मला भूक लागली. मी तुला खाणार.
आजी : (काठी दोन्ही हातांनी धरते) आत्ता खाऊन काय मिळणार बाबा? नुसती हाडं. लेकीकडं चालले. आठ दिवस राहते, खाते-पिते, मग बघ.
(वाघ विचार करतो. चार श्वास.)
वाघ : बरं. मी इथंच बसतो.
(सूत्रधार वाघाचे चित्र उतरवतो.)

यावर पहिला आक्षेप येतो की मजाच गेली. तो आक्षेप गंभीर आहे, कारण सपक नाटक कोणत्याच मुलाला नको असते. पण इथे भीती गेलेली नाही, तिची जागा बदलली आहे. आधी ती कानात होती, आता ती गोष्टीत आहे. ‘मी तुला खाणार’ हे वाघ निवांत बसून सांगतो आणि ‘इथंच बसतो’ म्हणतो, तेव्हा परतीच्या वाटेवर तो असणारच हे प्रत्येक मुलाला कळते. ती उत्कंठा पुढची दहा मिनिटे पुरते. डरकाळीचा परिणाम डरकाळीसोबत संपतो. शेपूट, पंजा, वाघ या क्रमात दुसरीतल्या मुलांना ‘आता पंजा!’ असे आधीच सांगायची हौसही फिटते.

सूचना किती आधी द्यायची?

दचकण्याच्या अभ्यासात एक गोष्ट नीट माहीत आहे : मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी एक बारीक आवाज ऐकवला तर दचकणे कमी होते. हे काही मिलिसेकंदांच्या पातळीवर घडते, त्यामुळे नाटकातल्या सूचनेशी त्याची थेट बरोबरी करता येत नाही. इथल्या सूचनेचे काम मुलाच्या मनात आहे. काय येणार हे कळले की मूल कानावर हात ठेवायचा, आईचा हात धरायचा किंवा बघायचा निर्णय स्वतः घेऊ शकते.

पण सूचना फार लवकर दिली तर तीच त्रास होते. पडदा उघडताना ‘नाटकात पुढे एक मोठा आवाज आहे’ असे सांगितले की काही मुले तो येईपर्यंत बाकी काहीच बघत नाहीत. म्हणून दोन पातळ्या ठेवतात. पालकांना आठवडाभर आधी एक पान द्यायचे. त्यात कोण येते, काय ऐकू येते, कितव्या मिनिटाला आणि कुठे संपते हे फोटोंसह असते. घरी ते चार-पाच वेळा वाचून होते. रंगमंचावरची सूचना मात्र घटनेच्या काही सेकंद आधीच येते. आणि जे सहसा विसरले जाते ते म्हणजे संपल्याची खूण. वर चित्र उतरवले आहे ते त्यासाठी. ‘वाघ गेला’ हे दिसल्याशिवाय मूल सैल होत नाही.

साचा आणि गती

ही गोष्ट अशा नाटकाला सोयीची आहे, कारण तिचा साचा मुळातच ठरलेला आहे. जाताना प्राणी भेटतात, येताना तेच प्राणी त्याच जागी भेटतात. लेखकाने फक्त तो साचा मोडायचा मोह टाळायचा. प्रत्येक भेट त्याच पावलांनी : चित्र, घुंगरू, शेपूट, पंजा, प्राणी, प्रश्न, उत्तर, चित्र खाली. कोल्ह्याला एक तऱ्हा आणि अस्वलाला वेगळी, असे केले की दुसऱ्या भेटीपासून मिळणारा दिलासा जातो. वैविध्य हवेच असेल तर ते उत्तरात ठेवावे. कोल्हा लगेच पटतो, अस्वल दोनदा विचारते, वाघ बराच वेळ गप्प राहतो. आठ पायऱ्या त्याच, चव वेगळी.

गती संहितेत लिहायला हवी. ‘थांबा’ एवढे लिहिले तर तालमीत तीन सेकंद थांबणारा मुलगा प्रयोगाच्या दिवशी अर्धा सेकंद थांबतो. म्हणून ‘तीन श्वास’ लिहायचे. घड्याळ नसले तरी श्वास मोजता येतो आणि त्याने नटही शांत होतो. घरंगळत जाणाऱ्या भोपळ्याचा ठेकाही एकाच लयीत ठेवावा लागतो. ढोलकीवाल्याचा हात शेवटी आपोआप वाढतो, आणि वाढत्या लयीचा शेवट मोठ्या थापेने होतो हे मुलांनाही ठाऊक असते.

सगळ्यात अवघड जागा शेवटची. काही सांगणारे भोपळा फोडतात आणि बहुतेक नाटकांत तिथे फाडकन आवाज असतो. तो आवाज बातमी देतो, त्यामुळे नुसता काढता येत नाही. उपाय साधा आहे : भोपळा दोन अर्ध्यांचा, दोरीने बांधलेला. वाघ दोरीचे टोक धरतो, सूत्रधार ‘आता भोपळा उघडणार’ म्हणतो, गाठ सुटते, आणि आतली आजी सर्वांना सावकाश दिसते. आजी आत बसताना मुलांनी पाहिलेली असली पाहिजे. रहस्य जाते हे खरे, पण वाघाला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, ही गंमत त्याहून टिकाऊ असते.

पत्र्याचे छत आणि भाड्याचा साउंड

संहिता कितीही शांत असली तरी सभागृह तिला बिघडवू शकते. जालना शहरात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर नाट्यगृह आहे. पण गावच्या शाळेचे नाटक अनेकदा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मैदानातल्या मांडवात होते. पत्रा आणि मोकळ्या भिंती आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर सतरंज्या, चादरी टांगल्या तर घुमणे जाणवण्याइतके कमी होते. मुलांना स्पीकरपासून दूर बसवणे हा फुकटातला उपाय. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, बंद शेडमध्ये त्याहून कमी.

मोबाइलवरचे आवाज मोजणारे ॲप अचूक आकडा देत नाही, पण दोन आवाजांतला फरक दाखवायला पुरते. मुलाच्या खुर्चीवर फोन ठेवून आधी साधा संवाद मोजावा, मग नाटकातला सर्वांत मोठा आवाज. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते, म्हणून फरक त्याच्या आतच राहील हे पाहावे. ध्वनिमुद्रित आवाज वापरायचाच असेल तर तो एक-दोन सेकंदांत शून्यातून चढत यावा. कोणत्याही साध्या ऑडिओ ॲपमध्ये ‘फेड इन’ असते.

नाटकाबाहेरचे धक्के मात्र संहितेत कुठेच लिहिलेले नसतात. माइकची शिट्टी हा त्यातला सर्वांत वाईट. छोट्या शेडमध्ये माइक न वापरणे हाच त्यावर खरा उपाय. साउंड सुरू करताना आधी मिक्सर आणि शेवटी अँप्लिफायर, बंद करताना उलटा क्रम. तो चुकला की स्पीकरमधून ‘धप्प’ होतो. वीज जाऊन परत आली तरी तेच होते, म्हणून वीज जाताच अँप्लिफायरचे बटण बंद करायची जबाबदारी एकाला देऊन ठेवावी. मध्येच माइकची वायर उपसू नये.

आणि टाळ्या. पाहुणे सवयीने ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ म्हणतात, आणि तासभर सांभाळलेली शांतता तिथे फुटते. हात वर करून हलवायच्या टाळ्या सुरुवातीलाच सूत्रधाराने शिकवाव्यात. सूत्रसंचालकालाही ते वेगळे सांगून ठेवावे लागते.

काय बिघडते आणि ते कसे कळते?

सर्वांत नेहमीची चूक नटांकडून होते. तालमीत साध्या आवाजात बोलणारा वाघ समोर दोनशे मुले पाहून डरकाळी फोडतोच, कारण वाघ झालेल्या मुलाला तीच हवी असते. त्याला दुसरे काहीतरी भारी करायला दिले तरच तो राहवतो. वरच्या प्रवेशात ते काम शेपटीला दिले आहे.

नाटक जमले की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. तालमीला अशी दोन-तीन मुले पालकांसह बोलवावीत, आणि एकाने रंगमंचाकडे पाठ करून फक्त मुलांकडे बघावे. मुलाने कानांवर हात कधी ठेवले? आवाज झाल्यावर ठेवले असतील तर तिथे सूचना कमी पडली. आवाजाच्या बऱ्याच आधी ठेवून तसेच धरले असतील तर सूचना लवकर आली किंवा संपल्याची खूण दिसली नाही. सूचनेनंतर ठेवले आणि चित्र उतरल्यावर काढले तर ती जागा बरोबर आहे. हात ठेवणे हे अपयश नाही. मूल उठून फिरू लागले आणि तरी डोळे रंगमंचावर असतील तर तेही चांगलेच. मात्र मूल गप्प, ताठ आणि नजर जमिनीवर असेल तर ‘शांत बसले होते’ अशी नोंद करू नये. त्रास होत असलेले मूलही असेच दिसते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. आवाज नकोसा वाटणारी मुले आहेत तशी आवाजाची भूक असलेली, स्पीकरला हात लावून थरथर अनुभवणारी मुलेही आहेत. एकच प्रयोग दोघांना पुरत नाही. काहींना घुंगरूच सोसत नाही, म्हणून मोठ्या हेडफोनसारखे कानझाकण मुलांना घालू द्यावे आणि दाराजवळच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात. दिवसभर कान झाकून ठेवणे मात्र तज्ज्ञ टाळायला सांगतात, त्याने संवेदनशीलता वाढू शकते. रोजच्या घरगुती आवाजांनीही मूल बिथरत असेल तर कानाची तपासणी करून घ्यावी. ते काम नाटकाचे नाही.

राहिली तिसरी घंटा. तीन घंटा हा मराठी नाटकाचा स्वतःचा पूर्वसूचनेचा साचा आहे, आणि म्हणून तो काढायचे कारण नाही. फक्त विजेवरच्या कर्कश घंटेऐवजी सूत्रधाराने हातातली पूजेची घंटी मुलांसमोर उभे राहून वाजवावी. एक, दोन, तीन, मध्ये श्वास घेत. तिसरीनंतर उजेड तसाच राहतो आणि आजी काठी टेकत चालू लागते.